एक दिवस, ९९ टक्के, दोन लाख: या आकड्यावर किती विसंबावे?

प्रश्न: निर्देशांक फंड आणि मोठ्या कंपन्यांचे शेअर मिळून माझे साधारण एक कोटी रुपये बाजारात आहेत. सल्लागाराने पाठवलेल्या अहवालात ‘एक दिवसाचा व्हॅल्यू ॲट रिस्क, ९९ टक्के: २ लाख रुपये’ असे लिहिले आहे. म्हणजे एका दिवसात माझे जास्तीत जास्त दोन लाखच जाऊ शकतात ना? याशिवाय मी दर आठवड्याला निफ्टीचे थोडे पुट ऑप्शन विकतो आणि वीस लाख रुपये क्रेडिट रिस्क फंडात आहेत. त्यांचा आकडा अहवालात अगदीच किरकोळ दिसतो. या अहवालावर किती विसंबावे?

उत्तर:

‘जास्तीत जास्त’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण या मोजमापाची व्याख्या जवळजवळ त्याच्या उलट आहे. शंभरपैकी नव्व्याण्णव दिवशी तुमचा तोटा दोन लाखांच्या आत राहील आणि उरलेल्या एका दिवशी तो दोन लाखांहून जास्त असेल, एवढेच ते वाक्य सांगते. त्या एका दिवशी तो अडीच लाख असेल की तेरा लाख, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. वर्षात बाजाराचे साधारण अडीचशे दिवस भरतात, तेव्हा ही आकडेमोड बरोबर असली तरी वर्षातून दोन-तीनदा दोन लाखांची रेषा ओलांडली जाणे अपेक्षितच आहे. तुमचा धोका खरे म्हणजे त्या दोन-तीन दिवसांतच साठलेला असतो, आणि अहवाल नेमका तिथे थांबतो.

मी वीसेक वर्षे मुंबईत जोखीम विभागात हेच आकडे रोज सकाळी काढत आणि तपासत आलो आहे. आम्ही बोलताना याला नुसते ‘व्हार’ म्हणतो, म्हणून खालीही तोच शब्द वापरतो. व्हार निरुपयोगी आहे असे माझे मत नाही. पण तो कसा काढला जातो हे एकदा स्वतः पाहिल्याशिवाय त्याच्यावर कुठपर्यंत भार टाकावा हे कळत नाही, म्हणून आधी तो काढून दाखवतो.

सर्वांत सोपी आणि बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी रीत म्हणजे ऐतिहासिक पद्धत. गेल्या २५० दिवसांचे रोजचे टक्केवारीतील बदल एका रांगेत लिहायचे, त्यांना सर्वांत वाईट दिवसापासून क्रम लावायचा आणि वरून तिसरा दिवस उचलायचा. २५० चा एक टक्का म्हणजे अडीच, म्हणून कोणी दुसरा दिवस धरतात, कोणी तिसरा, कोणी दोघांच्या मधला आकडा काढतात. मी इथे तिसरा धरतो. एक्सेलमध्ये बी स्तंभात २५० बदल असतील, तर एवढे सूत्र पुरते:

```
=SMALL(B2:B251,3)
```

आता हे सूत्र २७ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी निफ्टीवर चालवले असे समजा. आधीच्या २५० दिवसांतले सर्वांत वाईट तीन दिवस असे होते: १ फेब्रुवारी २०२०, म्हणजे शनिवारी सादर झालेल्या अर्थसंकल्पाचा दिवस, घसरण २.५१ टक्के, ८ जुलै २०१९, घसरण २.१४ टक्के, आणि २४ फेब्रुवारी २०२०, घसरण २.०८ टक्के. तिसरा आकडा २.०८ म्हणून एक कोटीच्या निफ्टी फंडाचा व्हार २ लाख ८ हजार रुपये. तुमच्या अहवालातला आकडा जवळपास हाच आहे, आणि शांत बाजारात तो असाच येतो.

दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, निफ्टी ३.७१ टक्क्यांनी पडला. रेषा ओलांडली गेली. तो दिवस आता रांगेत शिरला आणि सगळ्यांत वर जाऊन बसला; त्यामुळे तिसरा क्रमांक २.१४ वर आला. एवढ्या मोठ्या घसरणीनंतर व्हार वाढला किती, तर एक कोटीमागे सहा हजार रुपये. ६ मार्चला निफ्टी २.४८ टक्क्यांनी पडला, रेषा पुन्हा ओलांडली गेली आणि व्हार २.४८ झाला. ९ मार्चला ४.९० टक्के घसरण झाली, म्हणजे रेषेच्या जवळपास दुप्पट. पण व्हार सरकला फक्त २.५१ वर. १२ मार्चला ८.३० टक्के घसरण झाली, तेव्हा कुठे व्हार ३.७१ झाला. १६ मार्चला ७.६१, व्हार ४.९०. १८ मार्चला ५.५६, व्हारही ५.५६. आणि सोमवार, २३ मार्च २०२० रोजी निफ्टी ८७४५.४५ वरून ७६१०.२५ वर आला, म्हणजे एका दिवसात १२.९८ टक्के घसरण.

हिशेब लावून पाहा. २८ फेब्रुवारी ते २३ मार्च या काळात बाजार १६ दिवस चालला आणि त्यांपैकी सात दिवशी रेषा ओलांडली गेली, जिथे वर्षभरात दोन-तीनदा ओलांडली जाणे अपेक्षित होते. प्रत्येक वेळी मोजमाप घटनेच्या मागून धावत होते. तीन आठवड्यांच्या पडझडीतून ‘शिकून’ २० मार्चच्या संध्याकाळी त्याने सांगितले, की एक कोटीवर ५ लाख ५६ हजार; पुढच्याच सत्रात गेले १२ लाख ९८ हजार. २७ फेब्रुवारीला फंड घेऊन शांत बसलेल्या माणसाच्या अहवालातल्या आकड्याच्या ते सहापटीहून अधिक होते.

इथे पहिली आंधळी जागा दिसते. ही पद्धत भविष्याविषयी काही सांगत नाही. गेल्या २५० दिवसांत जे घडले त्यातलाच एक दिवस ती उचलून दाखवते. गेले वर्ष शांत गेले असेल तर उचलायला वाईट दिवसच नसतो. आणि शांत वर्षानंतर व्हार कमी दिसतो, म्हणून माणसे नेमकी तेव्हाच जास्त पैसे लावतात.

या २५० दिवसांच्या रांगेचा, म्हणजे विंडोचा, आणखी एक खेळ फार कमी लोकांच्या लक्षात येतो. वाईट दिवस रांगेत शिरतो तसा बरोबर २५० दिवसांनी रांगेतून बाहेरही पडतो. २३ मार्च २०२० नंतर तिसरा वाईट दिवस ७.६१ टक्क्यांचा झाला आणि व्हार जवळजवळ वर्षभर तिथेच खिळून राहिला, बाजार सावरून नव्या उच्चांकावर गेला तरीही. मग २०२१ च्या मार्चमध्ये आदल्या वर्षीच्या १२, १६, १८ आणि २३ मार्चचे चारही दिवस आठ सत्रांच्या आत एकामागून एक विंडोतून गळाले आणि व्हार ७.६१ वरून ४ टक्क्यांवर आला. त्या आठ दिवसांत धोका निम्मा होईल असे जगात काहीही घडले नव्हते. उलट तेव्हा महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट चढत होती, आणि १२ एप्रिल २०२१ ला निफ्टी साडेतीन टक्क्यांनी पडला. तुमच्या अहवालातला आकडा एखाद्या महिन्यात एकदम खाली आला तर आनंद मानण्याआधी एवढेच तपासा, की तुमची गुंतवणूक बदलली आहे, की केवळ जुना दिवस गळाला आहे.

कोणी म्हणेल, की ऐतिहासिक पद्धत सोडून प्रमाण विचलनावर आधारलेली पद्धत घ्यावी. तिच्यात रोजच्या चढउताराचे प्रमाण विचलन काढून त्याला २.३३ ने गुणतात, कारण सामान्य वितरणाच्या घंटेसारख्या वक्रात एक टक्का शक्यता तिथे सुरू होते. अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणारी तिची आवृत्ती मार्च २०२० मध्ये वरच्या पद्धतीपेक्षा बरीच लवकर जागी झाली असती, हे मान्य करायला हवे. जे. पी. मॉर्गन बँकेने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्स या नावाने जी पद्धत सर्वांसाठी खुली केली ती हीच. तिच्यात कालच्या प्रमाण विचलनाच्या वर्गाला ०.९४ ने गुणून आजच्या बदलाच्या वर्गाला ०.०६ वजन दिले जाते. परंतु तिचा दोष शेपटीत, म्हणजे टोकाच्या दुर्मीळ दिवसांत, आहे. प्रमाण विचलन एक टक्का धरले तर १३ टक्क्यांची घसरण तेरा विचलने दूर पडते, आणि घंटेच्या वक्रानुसार असा दिवस विश्वाच्या आयुष्यातही यायला नको. प्रत्यक्षात १७ मे २००४ ला, लोकसभेच्या निकालांनंतरच्या सोमवारी, निफ्टी १२.२४ टक्क्यांनी पडला होता. २४ ऑक्टोबर २००८ लाही तो बारा टक्क्यांहून अधिक पडला, म्हणजे सोळा वर्षांत असे तीन दिवस येऊन गेले. वक्र चुकीचा आहे हे सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

एक दिवसाच्या व्हारवरून दहा दिवसांचा व्हार काढण्याची रीतही अशीच आहे. एक दिवसाच्या आकड्याला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने, गुणायचे. यामागे गृहीतक असे, की आजच्या घसरणीचा उद्याच्या घसरणीशी काही संबंध नाही आणि उद्याचा चढउतार आजच्याइतकाच असेल. ६ मार्च २०२० च्या संध्याकाळी एक दिवसाचा व्हार २.४८ होता, म्हणून दहा दिवसांचा ७.८४ टक्के. त्यानंतरचे बरोबर दहावे सत्र म्हणजे २३ मार्च. त्या दहा सत्रांत निफ्टी १०९८९.४५ वरून ७६१०.२५ वर आला: घसरण ३०.७५ टक्के, अंदाजाच्या जवळजवळ चौपट. वाईट दिवस एकेकटे येत नाहीत, ते टोळीने येतात, आणि वर्गमुळाला टोळी माहीत नसते.

आता तुमच्या पुट ऑप्शनकडे येतो, कारण खरे सांगायचे तर तुमच्या प्रश्नात मला सर्वांत काळजीची जागा तीच वाटली. शेअरच्या बाबतीत व्हार निदान वाटेवरचा एक बिंदू दाखवतो. रस्ता पुढेही साधारण त्याच उताराने जातो. पुट विकणे म्हणजे थोडा प्रीमियम घेऊन, निर्देशांक ठरलेल्या पातळीखाली गेला तर तो फरक भरून देण्याचे वचन देणे, आणि विकलेल्या पुटच्या बाबतीत त्या बिंदूच्या पलीकडे उतार संपून कडा सुरू होतो.

सोप्या आकड्यांनी पाहू. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि तुम्ही २४,००० चा साप्ताहिक पुट २० रुपयांना विकला, एकूण ५०० नग. हाती आले दहा हजार रुपये. पुष्कळ अहवालांत ऑप्शनचा व्हार डेल्टावरून काढलेला असतो, म्हणजे निर्देशांक एक अंकाने हलला तर ऑप्शन किती हलेल त्या गुणोत्तरावरून. हा पुट दूरचा असल्यामुळे त्याचा डेल्टा ०.०५ धरू. निफ्टी २.०८ टक्के पडला तर ५२० अंक जातील, ऑप्शन २६ रुपयांनी महागेल, तोटा १३,००० रुपये. अहवालात तुम्हाला ‘अगदीच किरकोळ’ दिसलेला आकडा बहुधा असाच आलेला असावा.

अहवालात पूर्ण पुनर्मूल्यांकन करणारी चांगली पद्धत वापरली तरी फार फरक पडत नाही. ५२० अंकांची घसरण झाल्यावर निफ्टी २४,४८० वर असेल, म्हणजे तुमच्या २४,००० च्या अजून वरच. मुदत संपेपर्यंत तो तिथे राहिला तर तुमचे दहा हजार तुमचेच. आता ४ जून २०२४ चा दिवस घ्या, ज्या दिवशी मतमोजणी होती आणि निफ्टी ५.९३ टक्क्यांनी घसरून बंद झाला. तेवढीच घसरण झाली तर निर्देशांक २३,५१७ च्या आसपास जाईल. पुटचे नुसते अंतर्गत मूल्य, म्हणजे २४,००० आणि निर्देशांक यांतला फरक, ४८२ रुपयांच्या वर गेले, मिळालेले २० वजा केले, तरी ५०० नगांवर तोटा २ लाख ३१ हजारांच्या घरात. आणि २३ मार्च २०२० एवढी घसरण झाली तर निर्देशांक २१,७५५ वर येईल आणि तोटा ११ लाख १२ हजार. दहा हजारांच्या कमाईसमोर. शिवाय मी इथे फक्त अंतर्गत मूल्य धरले आहे. अशा दिवशी बाजारातली भीती ऑप्शनच्या किमतीत वेगळी भर घालते आणि मार्जिनची, म्हणजे आणखी तारण भरण्याची, मागणी त्याच दुपारी येते. ती भागवायला तुम्ही शेअर विकायला जाल तेव्हा तेही पडलेलेच असतील. तुमचे एक कोटीचे शेअर आणि विकलेले पुट एकाच दिवशी, एकाच दिशेने मार खातात, हे त्या अहवालातल्या दोन वेगवेगळ्या ओळींवरून कळत नाही.

यातून जे घडते ते मी एका पेढीत जवळून पाहिले आहे. तिचे नाव इथे घेत नाही. तिथे ऑप्शन विकणाऱ्या टेबलावर व्हारची मर्यादा घातलेली होती. महिन्याभरात डीलरने ती मर्यादा कुठे आहे हे नेमके ओळखले. तो पाच टक्के दूरचे पुट विकत होता, ते सोडून आठ टक्के दूरचे विकू लागला, आणि प्रीमियम कमी पडतो म्हणून नग तिप्पट केले. रोज सकाळी माझ्या हातात येणाऱ्या कागदावर त्या टेबलाचा व्हार आधीपेक्षा कमी दिसत होता आणि नफा तेवढाच. वरिष्ठांनी बैठकीत त्याचे कौतुक केले. कोणताही नियम मोडला गेला नव्हता. धोका फक्त रेषेच्या आतून उचलून रेषेच्या पलीकडे ठेवला होता, जिथे कोणी मोजत नव्हते. मी तेव्हा कागदावर आणखी एक स्तंभ घातला: निर्देशांक एका दिवसात १० टक्के पडला तर या टेबलाचा तोटा किती. त्या स्तंभात आलेला आकडा टेबलाच्या वर्षभराच्या नफ्याहून मोठा होता. डीलर माझ्यावर बरेच दिवस रागावून होता, पण नग कमी झाले.

व्हारवर मर्यादा घातली की लोक मर्यादेला धरून वागू लागतात, आणि आकडा काढण्याची पद्धतही त्या ओढीतून सुटत नाही. २०१२ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या लंडनमधल्या एका विभागाने जानेवारीच्या अखेरीस व्हारचे नवे गणित लागू केले आणि त्या विभागाचा व्हार जवळपास निम्म्यावर आला. त्या गणितातला काही भाग एक्सेलच्या तक्त्यांत हाताने चालत होता आणि एका ठिकाणी सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागले गेले होते, त्यामुळे चढउतार कमी दिसत होता. व्यवहार वाढतच गेले आणि शेवटी तोटा सहा अब्ज डॉलरच्या वर गेला. ज्या बँकेने ही पद्धत जगाला दिली, तिच्याच घरात हे घडले.

क्रेडिट रिस्क फंडाचा आकडा किरकोळ दिसतो त्याचे कारण वेगळे आहे. व्हार किमतीच्या हालचालीवर जगतो. जिथे किंमत हलत नाही तिथे त्याला धोका दिसत नाही. या फंडांतले, कमी पतदर्जाच्या कंपन्यांचे, पुष्कळसे रोखे आठवडे-आठवडे विकले-घेतले जात नाहीत. त्यांची रोजची किंमत मूल्यांकन संस्थांच्या गणितावरून लावली जाते आणि एनएव्ही रोज दोन-तीन पैशांनी, जवळजवळ सरळ रेषेत, चढत राहते. अशा २५० दिवसांच्या रांगेतला तिसरा वाईट दिवस काढला तर तो शून्याच्या आसपासच निघणार. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेंपलटनने भारतातल्या सहा डेट योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा गुंतवणूकदारांना पैसे काढण्याची वाटच बंद झाली. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाले, परंतु ज्याला मे महिन्यात मुलाची फी भरायची होती त्याच्यासाठी तोटा किती टक्के हा प्रश्नच नव्हता. विकता येईल की नाही, हा धोका व्हारच्या सूत्रात कुठेच शिरत नाही. ते गृहीतच धरते, की उद्या आजच्या किमतीला गिऱ्हाईक उभे असेल.

मग या आकड्याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. माझ्या दृष्टीने त्याचा एक चांगला उपयोग आहे: तो खोटा ठरवता येतो. रोजचा अंदाज आणि रोजचा खरा नफा-तोटा शेजारी शेजारी लिहून ठेवले, की वर्षाच्या शेवटी रेषा किती वेळा ओलांडली गेली हे मोजता येते. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बासल समितीचा नियम असा होता, की २५० दिवसांत चारपर्यंत उल्लंघने झाली तर गणित हिरव्या पट्ट्यात, पाच ते नऊ झाली तर पिवळ्या, आणि दहा किंवा अधिक झाली तर लाल पट्ट्यात. पट्टा बदलला की बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागते. संख्येइतकेच मी तारखांकडेही पाहतो. वर्षभरात विखुरलेली चार उल्लंघने मला त्रास देत नाहीत. एकाच आठवड्यात झालेली तीन देतात, कारण त्याचा अर्थ असा, की गणित बदललेल्या हवेची दखलच घेत नाही. २८ फेब्रुवारी २०२० पासून ६ मार्चच्या संध्याकाळपर्यंत उल्लंघने दोनच झाली होती, पण ती सहा सत्रांत झाली होती. वर्षाचा कोटा एका आठवड्यात संपल्यावर हात आखडता घेण्याइतकी सूचना तेव्हा मिळालेली होती, आणि ३०.७५ टक्क्यांची घसरण अजून पुढे होती. उल्लंघन शून्य असेल तर तेही मी संशयानेच पाहतो, कारण मग आकडा मुद्दाम फुगवलेला तरी असतो किंवा किंमतच हलत नसते.

शेपटीत काय आहे हे विचारणारे मोजमाप म्हणजे एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल: रेषा ओलांडली जाते त्या दिवसांचा सरासरी तोटा. बँकांच्या बाजार-जोखमीच्या भांडवलासाठी बासल समितीने आपल्या नव्या नियमांत व्हारच्या जागी हेच घेतले, ९७.५ टक्क्यांच्या पातळीवर. तुमच्या पुटसाठी हे निश्चितच बरे, कारण कड्याच्या पलीकडची खोली त्याच्यात थोडी तरी मोजली जाते आणि त्या डीलरची युक्ती त्याच्यासमोर तितकी चालत नाही. पण विंडो तीच ठेवली तर हेही तितकेच आंधळे राहते. २७ फेब्रुवारी २०२० ला सर्वांत वाईट तीन दिवसांची सरासरी २.२४ टक्के होती, म्हणजे व्हारपेक्षा जेमतेम सोळा हजार रुपयांनी जास्त. २० मार्चला ती ७.१६ होती आणि घसरण झाली १२.९८.

म्हणून सल्लागाराकडे मी तुमच्या जागी तीन गोष्टी मागेन. पहिली, हा आकडा कोणत्या पद्धतीने आणि किती दिवसांच्या विंडोवरून काढला, आणि त्या विंडोत मार्च २०२० आहे की नाही; नसेल, तर तो काळ मुद्दाम घालून दुसरा आकडा काढून द्यायला सांगा. दुसरी, गेल्या वर्षभरातल्या उल्लंघनांच्या तारखा. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत कामाची: तुमची आजची सगळी गुंतवणूक, शेअर आणि विकलेले पुट एकत्र धरून, जसाच्या तशा १७ मे २००४, २३ मार्च २०२० आणि ४ जून २०२४ या तीन दिवसांत टाकली तर प्रत्येक दिवशी किती रुपये जातील. त्यात शक्यतेचा, टक्क्यांचा, विंडोचा काहीही घोळ नाही. वरच्या उदाहरणातले पुट आणि एक कोटीचे निफ्टीसारखेच चालणारे शेअर धरले, तर तिन्ही दिवसांची उत्तरे अनुक्रमे साधारण २२ लाख ४० हजार, २४ लाख १० हजार आणि ८ लाख २० हजार रुपये येतात.

क्रेडिट रिस्क फंडासाठी मात्र या तीन दिवसांचा उपयोग नाही. त्याची एनएव्ही या दिवशीही फारशी हललेली दिसणार नाही. तिथे दरमहा जाहीर होणारी रोख्यांची यादी उघडा, कोणत्या पतदर्जाचे किती टक्के आहे आणि एकाच उद्योगसमूहाकडे किती अडकले आहे ते वाचा, आणि ते वीस लाख वर्षभर मिळाले नाहीत तर तुमचे कोणते देणे अडेल, ते घरी बसून कागदावर लिहा.